पिना वाढवू नकोस, आधी नाडी बघ

काकू, मावसबहिणीच्या लग्नात आईची कांजीवरम नेसले होते. सोबत दोन फोटो पाठवतेय. पहिला सकाळी निघताना आरशासमोर उभं राहून काढलाय, दुसरा जेवणं झाल्यावर भावाने हॉलमध्ये काढलाय. पहिल्यात निऱ्यांच्या वर आणि उजवीकडे कंबरेवर फुगा दिसतोय. दुसऱ्यात निऱ्या पार खाली आल्यात. व्हिडिओ बघून नऊ निऱ्या घातल्या होत्या, आठ पिना लावल्या होत्या, तरी ही अवस्था. परकर मॅचिंग सॅटिनचा होता. उंची पाच फूट एक इंच, पोट जरा सुटलेलं. पुढच्या महिन्यात मामेभावाची मुंज आहे आणि आई म्हणतेय तीच साडी नेस. घरी पुन्हा नेसून उजवीकडे आणखी दोन पिना लावून पाहिल्या, काही फरक पडला नाही. चुकतंय कुठे? की सरळ शिवूनच घेऊ?
— एक वाचक, ठाणे

तुझा पहिला फोटो मी आधी उलटा करून पाहिला. उलटा म्हणजे डावं-उजवं बदलून. आरशासमोर काढलेल्या फोटोत पदर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला दिसतो. भावाने काढलेल्या फोटोत तो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला आहे, कारण पदर तुझ्या डाव्या खांद्यावर आहे. म्हणजे पहिल्या फोटोत पदर ज्या बाजूला, तीच तुझी डावी बाजू. तुझा फुगाही पदराच्याच बाजूला आहे. तो उजवीकडे नाहीच, डावीकडे आहे. घरी तू दोन जास्तीच्या पिना लावल्यास त्या चांगल्या कुशीला, आजारी कूस तशीच राहिली. हसू नकोस, हे फार जणींचं होतं. फोटो बघून साडी सुधारायची तर आधी पदर शोधायचा आणि मग बाजू ठरवायची.

आता दुसरा फोटो. त्यात निऱ्यांकडे नंतर बघ, आधी जमिनीकडे बघ. पुढचा काठ फरशीवर लोळतोय, तुझी बोटंसुद्धा दिसत नाहीत. पण बाजूने, टाचेजवळ, तोच काठ बोटभर वर आहे. यावरून बरंच कळतं. साडी सगळीकडून सारखी खाली आली असती तर मी म्हटलं असतं की नाडी सैल पडली आणि परकरच उतरला. फक्त उजवी बाजू उतरली असती तर पहिला वेढा ढिला होता. तुझी फक्त पुढची बाजू उतरलीये. म्हणजे एक तर निऱ्या नेफ्यातून निसटून बाहेर आल्या, नाही तर नेफाच पुढच्या बाजूला कलला. माझ्या मते तुझ्याकडे दोन्ही झालंय, पण मुख्य दोष पहिला. कारण निऱ्यांचा वरचा काठ मधोमध झोळीसारखा लोंबतोय आणि पिनेच्या जागेपासून चहूकडे किरणांसारख्या सुरकुत्या गेल्यात. पिनेने धरून ठेवलंय, बाकीचं सगळं सुटलंय, असं ते दिसतंय.

तेव्हा तुझ्या साडीला दोन वेगळे आजार आहेत, फुगणं आणि घसरणं. तू दोन्हींवर एकच औषध दिलंस, पिन. फुगलेल्या जागी पिन मारली की फुगा दाबला जात नाही, त्याचे दोन फुगे होतात. घसरणाऱ्या निऱ्यांना पिन मारली की सगळं वजन त्या एका भोकावर येतं. जरीची जुनी कांजीवरम सहज पाऊण किलो भरते. खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ. त्यातला मोठा वाटा पुढे निऱ्यांत लटकतो. हे वजन नेफ्याच्या अख्ख्या रुंदीने पेलायचं असतं.

आधी घसरण्याचं बघू, कारण ते सुटलं की फुग्याचं निम्मं काम आपोआप होतं.

दोष सॅटिनचा आहे. रेशमावर सॅटिन म्हणजे तेल लावलेल्या फरशीवर मोजे घालून उभं राहणं. निऱ्या नेफ्यात खोचल्यावर त्यांना धरून ठेवणारं काय असतं? नाडीचा दाब आणि दोन कापडांमधली पकड, बस. दाब कितीही वाढवला तरी पकड नसेल तर चालता-चालता, उठता-बसता निऱ्या दोरा-दोरा वर सरकत राहतात. आजीची नऊवारी आठव. तिला ना परकर होता ना पिना. साडीचीच कमरेला गाठ मारलेली आणि निऱ्या त्याच साडीच्या वेढ्यात खोचलेल्या. सुती कापड सुती कापडात रुतून बसायचं. आजी त्या निऱ्यांवर विहिरीतून पाणी शेंदायची. आपण परकर घातला आणि ती पकड परकरावर सोपवली, म्हणून परकर सुतीच हवा. साधा पॉपलिनचा. रंग जुळतो की नाही हे फक्त चालताना घोट्याशी कळतं, आणि तेही कुणी बघत नाही.

नवा परकर घेतलास तर आधी एकदा धू. नव्या सुती कापडावर खळीची चकाकी असते, ती जरा निसरडी असते. शिवाय धुतल्यावर तो आटतो, तेव्हा उंची धुतल्यानंतरच बघायची. सॅटिनचाच घालायचा हट्ट असेल तर जुन्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी काढ आणि नेफ्याच्या आतून-बाहेरून दुमडून हाताने शिवून टाक. निऱ्या त्या पट्टीवर बसतील. मासोळीच्या आकाराचे, अंगाला चिकटणारे ताणाचे परकर मिळतात, ते हलक्या जॉर्जेटला ठीक असतात. पाऊण किलोच्या साडीखाली त्यांचं इलॅस्टिक पुढून कलतंच.

नाडीची जागा हा यातला दुसरा मुद्दा. तू लिहिलंयस, पोट जरा सुटलेलं आहे. अशा वेळी बहुतेक जणी नाडी पोटाच्या फुगीर भागावर, बेंबीच्या दोन बोटं खाली बांधतात, कारण फोटोत कंबर दिसते म्हणे. तो भाग उताराचा असतो. उतारावर बांधलेली दोरी उतारानेच खाली जाणार, आणि पुढेच जास्त जाणार, कारण मागे पाठीला उतार नाही. तुझा नेफा पुढून कलला तो यामुळे. नाडी बेंबीवर किंवा तिच्या किंचित वर बांध. तिथे कंबर अरुंद असते आणि खालचा भाग रुंद, म्हणजे नाडीला खाली यायला वाटच नसते. मग करकचून आवळायचीही गरज पडत नाही.

आवळण्याबद्दल एक गोष्ट जरा गांभीर्याने सांगते. रोज साडी नेसणाऱ्या बायकांच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असतो, तो आपण सगळ्यांनी घरात पाहिलाय. वर्षानुवर्षं एकाच जागी बारीक दोरी घासून तिथे जखम होते, आणि ती बरी न होता क्वचित त्वचेच्या कर्करोगापर्यंत जाते. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची नोंद २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली आहे. तू वर्षातून चारदा साडी नेसणार, तुला त्याची भीती नाही. पण आईच्या कमरेवर बरी न होणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखव, आणि दोघींच्याही परकरांत सुतळीसारखी नाडी काढून बोटभर रुंद चपटी पट्टी घाल. चपटी नाडी रुततही नाही आणि कलतही नाही.

नाडी बांधायची ती खुर्चीत बसून. बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. उभ्याने श्वास आत ओढून बांधलेली नाडी जेवायला बसल्यावर काचते, मग आपणच नकळत ती हाताने खाली ढकलतो. तुझ्या दोन फोटोंच्या मध्ये एक पंगत आहे हे विसरू नकोस. बसून बांध, उभी राहा, नेफ्यात एक बोट जेमतेम जावं. दोन गेली तर सैल. गाठ उजव्या कुशीला घे, पुढे नको. आणि नेफ्याच्या चुण्या सगळ्या हाताने मागे आणि कडेला सरकव. पोटावर, निऱ्या येणार त्या वीतभर जागेत, परकर सपाट हवा. बाजारातल्या परकराचा घेर मोठा असतो आणि चुण्या नेमक्या पुढे गोळा होतात. फुग्याचा पहिला थर तिथेच तयार होतो, साडी अजून अंगाला लागलेलीही नसते.

आता फुगा.

नऊ निऱ्या तू बोटांवर घातल्यास, चार बोटांची एक, असं फोटोवरून दिसतंय. तशी निरी पावणेचार इंचांहून जराशी कमी होते. एका निरीला कापड लागतं दुप्पट, म्हणजे नऊ निऱ्यांना सुमारे सहासष्ट इंच. हे कापड चुकीचं नाही. हिशेब करून बघ. ब्लाउजपीस कापल्यावर साडी साडेपाच मीटर, म्हणजे दोनशे सोळा इंच. तुझ्या घेराला पहिला वेढा बेंबीपर्यंत यायला पंचेचाळीसच्या आसपास इंच लागतील. निऱ्यांपासून डावीकडून मागून उजव्या कुशीपर्यंत तीस. तिथून छातीवरून डाव्या खांद्यावर अठ्ठावीस. मागे पोटरीपर्यंत पदर सोडला तर पंचेचाळीस. उरतात साधारण अडुसष्ट. म्हणजे कापड तेवढंच घ्यायचं आहे, फक्त त्याच्या निऱ्या कमी आणि रुंद करायच्या. तर्जनी आणि अंगठा ताणून जे अंतर होतं त्याची एक निरी कर, साडेपाच इंचांची. सहासष्ट इंचांत सहाच बसतील.

फरक किती पडतो बघ. नऊ निऱ्या म्हणजे कापडाचे अठरा थर. खोचल्यावर ते नेफ्यावरून आत वळतात, म्हणजे नेफ्याच्या बाहेर अठरा आणि आत अठरा, छत्तीस. जरीच्या रेशमाचा एक थर पाव मिलिमीटर धरला तर नऊ मिलिमीटरचा गठ्ठा तुझ्या बेंबीवर, बोटाच्या जाडीचा. सहा निऱ्यांचे थर चोवीस, जाडी सहा मिलिमीटर. तेवढंच कापड, पण गठ्ठा एक तृतीयांशाने कमी. लग्नात ‘बारीक निऱ्या सुंदर दिसतात’ हे शिफॉनवाल्या बायकांचं तत्त्वज्ञान आहे. कांजीवरमला ते लागू नाही, पैठणीलाही नाही.

उरलेल्या चोवीस थरांतले आतले बारा आपण पसरवू शकतो, आणि हेच काम व्हिडिओत दिसत नाही कारण ते परकराच्या आत होतं. तुझ्या साडीचा पन्हा सत्तेचाळीस इंच असेल. नाडी बेंबीवर, पायात दोन इंची टाचा, म्हणजे तुझ्या उंचीवरून नाडीपासून जमीन अडतीस इंच. काठ जमिनीपासून अर्धा इंच वर हवा. याचा अर्थ साडेनऊ इंच कापड परकराच्या आत जाणार. माझा अंदाज आहे, तू फूटपट्टीने स्वतःचं मोज. उंच बाईचं हेच कापड बरंच कमी असतं, म्हणून तिला फुगा येत नाही आणि ती तुला सांगते, ‘अगं काही नाही, नुसतं खोचायचं.’

या साडेनऊ इंचांचं काय करायचं? ठेंगण्या मुली दोन चुका करतात. काही जणी वरचा काठ आधीच चार बोटं दुमडून घेतात आणि मग खोचतात. त्याने आतलं कापड आखूड होतं खरं, पण नेफ्याखाली पोटावर एकाऐवजी दोन थर येतात, म्हणजे जिथे जाडी नको तिथेच ती वाढते. दुसऱ्या जणी मुठीने कोंबतात. कोंबलेलं कापड आत गोळा होऊन बसतं आणि बाहेरून बेंबीखाली लिंबाएवढं दिसतं. तुझ्या फोटोत निऱ्यांच्या वरच्या टोकाखाली जी सावली आहे ती याचीच.

दुमडू नकोस, कोंबूही नकोस. निऱ्या घालून झाल्या की त्यांची वरची टोकं एका रेषेत आण आणि वरच्या काठापासून दोन इंचांवर एक छोटी पिन सगळ्या थरांतून आडवी घाल. ही पिन आत जाणार आहे. आता श्वास सोड, डाव्या हाताने नेफा पोटापासून पुढे ओढ आणि उजव्या हाताचा तळवा सपाट ठेवून निऱ्या आत सरकव, पत्र पाकिटात घालतात तशा. पूर्ण साडेनऊ इंच आत जाऊ दे. मग तोच हात परकराच्या आत खाली ने, निऱ्यांची शेपटं पकड आणि सरळ खाली खेच. गोळा असेल तर इथे सुटतो, हाताला कळतं. आता ती पिन आतल्या आत काढ आणि शेपटं पंख्यासारखी पसरव, पहिल्या तीन निऱ्यांची उजवीकडे, उरलेल्या तीनची डावीकडे. बाहेर निऱ्या एकावर एक नीट बसलेल्या, आत त्यांचा पंखा. आतले बारा थर पसरून सहाएक होतात, आणि शेपटांची टोकं एकाच जागी न संपल्यामुळे मांडीवर उमटणारी आडवी वळकटीही जाते. पहिल्यांदा करताना विचित्र वाटेल, कुणी दार उघडलं तर काय म्हणेल असंही वाटेल. कडी लाव.

राहिला तो डावा फुगा, ज्याला तू उजवा समजलीस. तो निऱ्यांचा नाहीच. शेवटच्या निरीपासून साडी डाव्या कुशीकडे जाते आणि तिथून मागे वळून हळूहळू वर चढते. साडीचा काठ सरळ असतो, कंबर मात्र आत गेलेली आणि कुल्ला बाहेर आलेला. सरळ कापड या वळणावर बसवलं की वरच्या बाजूला कापड उरतं, आणि ते निरी आणि कुशीच्या मध्ये त्रिकोणी झोळ होऊन लोंबतं. व्हिडिओत निऱ्या आधी आणि पदर नंतर असं दाखवतात. तसं केलं की पदर कमी-जास्त करताना जी ढील उरते ती सगळी या त्रिकोणात साठते. तू निघताना पदर मागून ओढून लांब केला असशील, हो ना? त्या ओढीने डावीकडचा काठ वर गेला आणि शेवटच्या दोन निऱ्या उघडल्या. पहिल्या फोटोत त्या उघडलेल्या दिसतात.

म्हणून क्रम बदल. पहिला वेढा खोचून घे. मग निऱ्यांना हात न लावता साडीचं दुसरं टोक घेऊन पदर कर, खांद्यावर हव्या त्या लांबीला पक्का पिन लाव. उजव्या काखेखालून मागे, मागून डाव्या कुशीला साडी अंगाबरोबर आण. आता पुढे जे कापड मोकळं उरलं असेल त्याच्याच निऱ्या घाल. आकडेमोडीचीही गरज राहत नाही, उरेल ते सगळं निऱ्यांत जातं. नवऱ्या मुलीला नेसवणाऱ्या बायका असंच करतात. निऱ्या खोचल्यावर डाव्या कुशीला थोडी ढील राहीलच, ती पूर्ण जात नाही. काठाला चिमटीत धर, जितकं सैल आहे तितकंच. त्याची एक चपटी घडी पाठीकडे तोंड करून पाड आणि फक्त इंचभर खोच. ती घडी पदराखाली झाकली जाते. मात्र ती पुढे, पोटाकडे तोंड करून पाडलीस तर एका फुग्याच्या जागी दुसरा येईल.

पिनांचं आता थोडक्यात. तुला तीन पुरतात. खांद्यावर एक. डाव्या कुशीच्या घडीला एक, आतून. आणि निऱ्यांना एक, तीही आतूनच, म्हणजे पसरलेल्या शेपटांतून नेफ्यात. वरची, दिसणारी निरी पिनेत घ्यायची नाही. ही पिन वजन उचलण्यासाठी नाही, निऱ्या डावी-उजवीकडे फिरू नयेत एवढ्यासाठीच आहे. पिनेच्या मागच्या गोल पिळात रेशमाचा धागा अडकून ओढला जातो, म्हणून आधी पिनेत एक मोती ओव किंवा कापडाचा नखाएवढा तुकडा घाल. आईच्या साडीवर आठ पिनांची भोकं पडलीत, ती आता नखाने हलकेच घासून आणि वाफेने जेवढी बुजतील तेवढीच.

मुंजीच्या आधी एखाद्या रविवारी घरात हे करून बघ. खोचायची रेषा जिथे येते तिथे, वरच्या काठापासून साडेनऊ इंचांवर, पहिल्या निरीला उलट्या बाजूने एक रंगीत दोऱ्याचा सैल टाका घाल. तो टाका नेफ्याच्या कडेला बरोबर लागला पाहिजे. आता तासभर घरातली कामं कर. चार वेळा जमिनीवर मांडी घालून बस, माळ्यावरचा डबा काढ, एक जिना चढ-उतर. मग वरची निरी जरा उचलून टाका बघ. टाका नेफ्याच्या बाहेर लोंबत असेल तर निऱ्या निसटल्या, म्हणजे पकड कमी पडली, पट्टी शिवून घे. टाका जागेवर आहे पण पुढचा काठ जमिनीला लागलाय, तर परकर कलला, नाडी आणखी वर घे. टाकाही जागेवर आणि काठही जागेवर, तर दोरा उसवून टाक. फोटो काढायचाच तर आता आरशात नको, कुणाला तरी दहा पावलं लांब उभं कर आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरायला सांग. समोरून एक, डावीकडून एक. फुगा समोरून लपतो, बाजूने कधीच लपत नाही.

हे सगळं जड रेशमासाठी. उद्या तू ऑर्गंझा किंवा टिश्यू नेसलीस तर ते कापड फुगणारच, तो त्याचा स्वभाव आहे. तिथे निऱ्या पाचच घाल आणि पोटाजवळच्या भागावर कोमट इस्त्री फिरवून घे. खळीच्या सुती साडीला ओल्या हाताने निऱ्या दाबल्या की पुरतं.

आणि शिवून घेण्याबद्दल. आईची कांजीवरम शिंप्याकडे देऊ नकोस. एक मिनिटात नेसायची साडी करताना ती कापतात किंवा यंत्राचे टाके घालतात. रेशमातली ती भोकं बुजत नाहीत आणि मग ती साडी पुन्हा कुणाला वेगळ्या मापाने नेसता येत नाही. तुझ्या उंच मामेवहिनीला तर नाहीच. फारच धास्ती वाटत असेल तर निऱ्या आदल्या रात्री घालून ठेव. आत जाणाऱ्या साडेनऊ इंचांतच, बारीक सुईने, सुती दोऱ्याचा कच्चा धावदोरा घाल. घरी आल्यावर त्याच रात्री तो उसव. इस्त्री करायची तर वर सुती कापड टाकून, आणि जरीच्या काठावर घडी दाबू नकोस. जरीची तार तिथे तुटते. निऱ्या तशाच ठेवून साडी कपाटात घालू नकोस, मोकळी करून, घड्या बदलून ठेव.

मुंजीच्या दिवशी मधेच काही सैल वाटलंच तर बाहेरून निऱ्या वर ओढू नकोस. त्याने फक्त फुगा वर येतो. आतल्या खोलीत जा, दोन्ही हातांनी दोन्ही कुशींना परकर आणि साडी एकत्र धरून बोटभर वर घे, मग पुढे आत हात घालून शेपटं एकदा खाली खेच. आणि आईकडे जुना चांदीचा कमरपट्टा असेल तर तो माग. असा उत्तम पहारेकरी दुसरा नाही, शिवाय सगळ्या आत्या त्याच्याकडेच बघतील, निऱ्यांकडे नाही.